दारावर आलेल्या सेल्समनला अर्ध्या मिनिटात, गोड बोलून ‘नको’ कसं म्हणायचं

डिप्लोमा झाल्यावर मनासारखी नोकरी लागेपर्यंत चार महिने मी पुण्यात दारोदार वॉटर प्युरिफायर विकत फिरलो. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, सॅकेत टीडीएस मीटर, दोन काचेचे ग्लास आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा. रोज आठ डेमो झालेच पाहिजेत असा दंडक होता. त्यामुळे दारं कशी उघडतात आणि कोणत्या शब्दावर उघडी राहतात, हे मला आतून माहीत आहे.

आता मी स्वतः एका नव्या सोसायटीत राहतो. ताबा मिळाल्यापासून दर शनिवार-रविवारी कुणी ना कुणी बेल वाजवतंच. डासांच्या जाळ्यांवाले येतात, बाल्कनीच्या ग्रिलवाले येतात, चिमणीवाले येतात, आणि प्युरिफायरवाले तर हमखास. गावाहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईने पहिल्याच महिन्यात असा एक डेमो चाळीस मिनिटं ऐकला आणि एक मशीन ‘सात दिवस वापरून बघायला’ ठेवून घेतलं. ते परत पाठवताना आमच्या नाकी नऊ आले. तिला जे शिकवलं तेच इथे लिहितोय. उदाहरण प्युरिफायरचं घेतलंय, कारण तो खेळ मला पाठ आहे. बाकीच्यांनाही हीच वाक्यं चालतात.

1. तो काय मागायला आलाय ते ओळखा

दारात उभा असलेला मुलगा पहिल्या पाच मिनिटांत मशीन विकायला बघतच नसतो. त्याला फक्त आत यायचं असतं. आम्हाला शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, काही विकत घ्यायचं नाहीये, फक्त तुमच्या नळाचं पाणी तपासून जातो.’ याला नाही म्हणणं जड जातं, कारण वरवर बघता तो काहीच मागत नाही. एकदा स्वयंपाकघरात पाऊल पडलं, ओट्यावर ग्लास मांडले गेले, की मग पाहुण्याला उठ म्हणायची पाळी तुमच्यावर येते, आणि ते आपल्याकडे कुणाला जमत नाही.

म्हणून ‘नको’ म्हणायची जागा उंबरठा. सोफ्यावर बसल्यावर तेच ‘नको’ दसपट अवघड होतं.

दुसरं म्हणजे, लवकर नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल ही भीती सोडा. चार महिन्यांत मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो अर्धा तास मान डोलवून ऐकणाऱ्या आणि शेवटी ‘बघू, ह्यांना विचारते’ म्हणणाऱ्या घरांचा. पहिल्या दहा सेकंदांत हसून नको म्हणणारं घर आम्हाला आवडायचं. तेवढ्या वेळात पुढची दोन दारं व्हायची.

2. हाताशी एवढं असू द्या

- जाळीचं सेफ्टी डोअर किंवा निदान दाराची साखळी. बोलणं त्याच्या आडूनच करायचं.
- गेटवरच्या वॉचमनचा नंबर किंवा इंटरकॉमचा आकडा, दाराजवळ लिहिलेला.
- दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली खालच्या तीन वाक्यांची चिठ्ठी. हसू नका, आमच्या दारावर आहे. आईला पहिले पंधरा दिवस तिचाच आधार होता.
- गॅसचं कार्ड किंवा पुस्तक कुठे आहे ते माहीत असू द्या. का, ते पुढे येईल.

3. तीन वाक्यं, याच क्रमाने

पहिलं: ‘दादा, आम्हाला नकोय.’

दुसरं: ‘दारावर आम्ही काही घेत नाही.’

तिसरं: ‘या आता, दार लावते.’ आणि खरंच दार लावायचं.

बस. यात ‘सॉरी’ नाही, कारण नाही, ‘आत्ता’ नाही. प्रत्येक गोष्ट मुद्दाम गाळली आहे.

‘आत्ता नको’ हा आपल्या तोंडात बसलेला शब्द सगळ्यात धोक्याचा. आपल्या लेखी तो सभ्य नकार असतो. सेल्समनच्या वहीत मात्र तुमच्या फ्लॅट नंबरपुढे लिहिलं जातं ‘रविवारी संध्याकाळी’. आमच्या वहीत ‘नाही’ आणि ‘नंतर’ असे दोन वेगळे रकाने होते, आणि साहेब ‘नंतर’च्या घरांना पुन्हा पाठवायचेच. ‘नंतर बघू’, ‘पुढच्या महिन्यात’, ‘दिवाळीला घेणारच आहोत’, ही सगळी त्याच रकान्यातली वाक्यं.

कारणाचंही तसंच. तुम्ही जे कारण द्याल त्यावर त्याच्याकडे छापील उत्तर आहे. ‘आमच्याकडे प्युरिफायर आहे’ म्हणालात की तो विचारणार, ‘कोणता? सर्व्हिसिंग कधी केलंत? फुकट तपासून देतो.’ ‘पैसे नाहीत’ म्हणालात की हप्ते निघतात. ‘घरात मोठं कुणी नाही’ हे तर चुकूनही बोलू नका. समोरचा सेल्समन असो वा आणखी कुणी, घरात कोण आहे नि कोण नाही हे दाराबाहेर सांगायची गोष्ट नाही. ‘ह्यांना विचारून सांगते’ याचा अर्थ तो लावतो तो असा, की हे घरी असतील तेव्हा यावं.

‘दारावर आम्ही काही घेत नाही’ हे वाक्य म्हणूनच कामाचं. ते मशीनबद्दल नाही, त्याच्याबद्दल नाही, किमतीबद्दल नाही. घराची रीत सांगितली की वाद घालायला जागा उरत नाही. मी विकत होतो तेव्हा या वाक्यापुढे माझ्याकडे एकच उत्तर होतं, ‘बरं मॅडम, पत्रक ठेवा.’ पत्रक घ्यायचं असेल तर घ्या, पण त्याबरोबर नाव आणि मोबाईल नंबर मागितला तर ‘नंबर देत नाही’ इतकंच म्हणा. नंबर गेला की दार बंद असूनही बेल वाजत राहते.

‘दादा’ हा शब्द मात्र ठेवा. त्याने वाक्याची धार जाते. मुलगी आली असेल तर ‘ताई’, वयस्कर गृहस्थ असतील तर ‘काका’. मराठी न समजणारा असेल तर ‘नहीं चाहिए भैया, हम दरवाज़े पर कुछ नहीं लेते’ तेवढंच पुरे. मोडक्या हिंदीत समजावत बसलात तर संभाषण लांबतं.

4. एक प्रसंग, जसा झाला तसा

आईने शिकवणीनंतर पहिल्यांदा ही वाक्यं वापरली तेव्हा मी आतल्या खोलीत होतो आणि मुद्दाम बाहेर आलो नाही. शनिवार, सकाळचे साडेअकरा, तव्यावर भाकरी. बेल वाजली. आईने गॅस बारीक केला आणि लाकडी दार उघडलं, जाळीचं लावलेलंच ठेवलं.

‘नमस्कार मावशी, सोसायटीत वॉटर टेस्टिंग चालू आहे. दोन मिनिटं पाणी तपासायचं होतं.’

‘दादा, आम्हाला नकोय.’

‘नाही नाही, विकायला नाही आलो. फ्री आहे.’

‘हो, पण दारावर आम्ही काही घेत नाही.’

‘मावशी, शेजारच्या सगळ्यांनी केलंय. चारशे तीनमध्ये आत्ताच करून आलो.’

इथे आई अडखळली. चारशे तीनमधल्या काकू तिच्या भिशीतल्या. एक क्षण ती ‘हो का?’ म्हणणार असं वाटलं, आणि ते म्हटलं असतं तर डेमो झालाच होता, कारण ‘हो का’ हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला उत्तर द्यायला तो तयारच होता. पण तिने चिठ्ठीकडे बघितलं असावं.

‘बरं. आम्हाला नकोय. या आता, दार लावते.’

‘मावशी, प्यायला पाणी तरी मिळेल का?’

आता हे पाणी. उन्हातान्हातून आलेल्याला पाणी नाही म्हणणं आपल्या घरात होत नाही, होऊही नये. पण आमच्यातले पक्के मुरलेले लोक पाणी मागायचे ते तहानेसाठी नसायचं. ग्लास हातात आला की दोन घोट घेऊन उरलेल्या पाण्यात मीटर बुडायचं, आणि ‘अरे बापरे मॅडम, एवढा टीडीएस?’ असा डेमो दारातच सुरू व्हायचा. आईला यावरचा तोडगा मी शिकवला नव्हता, तिचा तिनेच काढला. म्हणाली, ‘थांब बाळा, देते.’ लाकडी दार पुढे ओढून आत गेली, पाण्याची बाटली भरून आणली, जाळीच्या दाराच्या फटीतून बाहेर दिली आणि म्हणाली, ‘ही घेऊन जा, परत नको देऊस.’ आणि दार लावलं.

बाटली जुन्या शीतपेयाची होती. एकूण वेळ मिनिटभरापेक्षा जास्त नव्हता, भाकरी करपली नाही. (चारशे तीनमध्ये त्या दिवशी कुणी आलंच नव्हतं, हे भिशीत कळलं.)

या प्रसंगातली नीट बघायची गोष्ट म्हणजे तिने नवं काहीच सांगितलं नाही. तो दर वेळी नवं वाक्य काढत होता, ती तेच वाक्य परत म्हणत होती, आवाज न चढवता. तिसऱ्या वेळी ‘सांगितलं ना एकदा!’ असा सूर लागतो आणि मग आपल्यालाच दिवसभर चुटपुट लागते. त्यापेक्षा तिसऱ्या वाक्यावर दार लावणं जास्त सभ्य.

5. तपासणी सुरू झालीच असेल तर

समजा तुम्ही भिडेपोटी आत घेतलंत. दोन प्रयोग होतील. दोन्हींत काय चाललंय ते माहीत असलं की घाबरून सही होत नाही.

पहिला प्रयोग मीटरचा. पेनासारखं मीटर पाण्यात बुडवतात आणि आकडा दाखवतात, समजा 180. मग मशीनच्या पाण्यात तोच आकडा 30 येतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह धरलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतलाय. त्यामुळे 180 म्हणजे काही विष नव्हे. शिवाय या मीटरला जंतू दिसत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आकडा खरंच मोठा येऊ शकतो, मग मशीनचा विचार करा, पण तो दुकानात जाऊन, चार किमती बघून.

दुसरा प्रयोग जास्त नाट्यमय. दोन ग्लासांत धातूचे दांडे सोडून वीज लावतात. मिनिटा-दोन मिनिटांत तुमच्या नळाचं पाणी तपकिरी, गढूळ, वर फेस. मशीनचं पाणी जवळजवळ स्वच्छ. बायाबापड्या तोंडावर पदर धरतात. मी हा प्रयोग किती घरांत केला त्याची गणती नाही, म्हणून सांगतो: तो रंग तुमच्या पाण्यातला नसतो, लोखंडाच्या दांड्यातला असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षारच जवळपास नसतात, मग वीज वाहत नाही आणि दांडा झिजत नाही. खात्री करायची असेल तर त्याच्या ‘शुद्ध’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत वीज लावायला सांगा. तेही तसंच तपकिरी होतं. मला एका आजोबांनी हे करायला लावलं होतं. निवृत्त शिक्षक होते. मी सामान आवरलं आणि त्यांनी मला चहा पाजला.

पण सगळ्यांनी आजोबांसारखी शिकवणी घ्यायची गरज नाही. प्रयोग मध्येच थांबवायचं वाक्य हे: ‘दादा, बघितलं. घ्यायचं नाही. चला, दारापर्यंत येते.’ हे उभं राहून म्हणायचं आणि स्वतः दाराकडे चालायला लागायचं. तुम्ही बसून राहिलात तर तोही बसून राहतो.

6. ‘सात दिवस फुकट वापरा’ला नाही म्हणताना

आमचं पाऊल इथेच घसरलं होतं. फुकट ट्रायलमध्ये तीन गोष्टी फुकट नसतात. भिंतीला भोकं पडतात आणि भाड्याच्या घरात ती घरमालकाला दिसतात. एका कागदावर सही जाते, जी बऱ्याचदा ऑर्डर फॉर्मवरची असते. आणि मशीन परत न्यायला यायची घाई त्यांना नसते, तुम्हाला असते.

वाक्य: ‘ट्रायलसुद्धा नको. बसवायचंच नाही.’

‘बसवायचंच नाही’ हे महत्त्वाचं. नुसतं ‘विकत घ्यायचं नाही’ म्हणालात तर तो आनंदाने म्हणेल, ‘मग विकत नकाच घेऊ, वापरून बघा!’

‘फक्त एक रुपया भरा, नोंदणीसाठी’ असं म्हणत मोबाईल पुढे केला तर उत्तर एवढंच: ‘दारावर पैसे देत नाही, ओटीपी सांगत नाही.’ त्या एका रुपयाच्या आड यूपीआयचा ऑटोपे चालू करून घेतला जाऊ शकतो, म्हणजे पुढच्या महिन्यापासून रक्कम आपोआप कापली जाते. स्क्रीनवर पिन मागितला की पैसे जाणार किंवा जायची परवानगी दिली जाणार. पैसे ‘मिळायला’ पिन लागत नाही, कोणी काही सांगो. चुकून परवानगी दिली गेली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा भाग उघडून ती रद्द करता येते. त्याच दिवशी करा.

7. ‘ऑफिसकडून तपासणीला आलोय’ म्हणणारे

यांच्यासाठी वेगळं वाक्य लागतं, कारण तपासणी खरीही असू शकते. सगळ्यात जास्त येतात ते गॅसची नळी आणि रेग्युलेटर बघायला. बघता बघता ‘नळी खराब आहे’ म्हणून नवी विकतात. खरा माणूस तुमच्या गॅस वितरकाकडूनच येतो. वाक्य: ‘काका, दोन मिनिटं बाहेर थांबा, मी एजन्सीत फोन करून विचारते.’ नंबर गॅसच्या कार्डावरचा लावायचा, त्याने दिलेला नाही. खरा माणूस थांबतो. दुसरे बहुधा जिना उतरायला लागतात.

ओळखपत्र बघितलं म्हणजे झालं असं समजू नका. माझं ओळखपत्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केलेलं होतं.

नियमांचं म्हणाल तर, थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांनी ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय किंवा परवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असं 2021 च्या थेट विक्रीविषयक ग्राहक संरक्षण नियमांत आहे. मात्र दारात उभं राहून हा नियम ऐकवू नका. त्यावर तो ‘आमची कंपनी त्यात येत नाही’ म्हणेल आणि तुम्ही वीस मिनिटं कायदा बोलत बसाल.

8. मशीन आधीच ठेवून घेतलं असेल तर

इथेही तेच, फक्त फोनवर: ‘दादा, मशीन ठेवायचं नाही. परवा सकाळी दहा ते बारा घरी आहोत, घेऊन जा.’ का ठेवायचं नाही ते सांगू नका. आमच्या वेळी आईने ‘पाण्याची चव वेगळी लागते’ असं सांगितलं, तर ते चवीचं वेगळं कार्ट्रिज घेऊन हजर झाले आणि त्याचे पैसे मागायला लागले.

फोन झाल्यावर हेच वाक्य तारखेसह मेसेजवर पाठवा. मशीनचा आणि त्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. नेताना त्यांच्या माणसाकडून ‘मशीन सुस्थितीत परत मिळाले’ असं लिहून, सही आणि तारीख घ्या. सही केलेला मूळ कागद परत मागा, निदान त्याचा फोटो तुमच्याकडे हवा. ट्रायलची मुदत संपायच्या आत मेसेज गेला पाहिजे. आमचा सहाव्या दिवशी गेला, मशीन न्यायला माणूस सतराव्या दिवशी आला, आणि मधल्या दिवसांचं भाडं मागायला लागला तेव्हा तो मेसेजच कामाला आला. तरीही त्रास दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तक्रार लावताना ते विचारतील तो तपशील म्हणजे हेच: तारीख, कागद, मेसेज.

आमच्या ओट्याच्या वर त्या मशीनची चार भोकं अजून आहेत. आईने त्यातल्या दोन खिळ्यांना चहाची गाळणी आणि उलथनं अडकवलंय.